तिला येणारा वास मला येतच नव्हता

सात वर्षांपूर्वी मी एका मुलीला आमच्या गंध-चाचणीच्या पॅनेलवरून काढलं. फाईलमध्ये माझ्या हातचा शेरा आहे: ‘नाक विश्वासार्ह नाही.’ त्या शेऱ्यात चूक काय होती, ते मला कळायला पुढची तीन वर्षं लागली. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. आज निवांत वेळ मिळालाय, तर सविस्तरच लिहिते.

आधी कामाबद्दल. कपडे धुतल्यावर टाकायचं सॉफ्टनर, साबण, क्रीम अशा वस्तूंना कोणता वास द्यायचा हे ठरवण्याआधी पॅनेल बसवतात. आमच्याकडे बारा जण असायचे. प्रत्येकासमोर कागदाच्या पट्ट्या, म्हणजे ब्लॉटर. त्यांवर फक्त तीन आकडी कोड, बाकी काही नाही. वास किती तीव्र वाटतो आणि किती आवडतो, याला शून्य ते नऊ असे गुण द्यायचे आणि जमलं तर दोन शब्दांत वर्णन करायचं. मी पॅनेलप्रमुख. गुण देणाऱ्यांत मी नसे, पण प्रत्येक नमुना हुंगून बघत असे.

त्या वेळी एका सॉफ्टनरच्या नमुन्यात मस्कचं, म्हणजे कस्तुरीसारखा वास देणाऱ्या घटकाचं, प्रमाण वाढवलं होतं. या मुलीने तीव्रतेला नऊ दिले आणि आवडीला एक. पुढे लिहिलं, ‘गोडसर, उग्र, डोकं धरलं.’ मी तो ब्लॉटर हुंगला. थोडी फुलं, थोडं लिंबू, बस्स. डोकं धरण्यासारखं त्यात काय होतं? मी कोड बदलून तोच नमुना पुन्हा दिला. पुन्हा नऊ आणि एक. तिसऱ्यांदा दिला, तरी तेच. मी तिला विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, बाकीच्या पट्ट्या छान आहेत. हीच तेवढी नको वाटते.” बाकीच्यांची सरासरी चारच्या आसपास असताना ही एकटी नऊवर अडून बसली आहे, म्हणून मी तिला काढलं.

आता मी काय केलं ते बघा. डोळ्यांआड कोड बदलले तरी जी व्यक्ती तीनदा तंतोतंत तेच गुण देते, तिचं नाक सगळ्यात जास्त विश्वासार्ह असतं. विश्वासार्हता म्हणजे स्वतःच्याच आधीच्या उत्तराशी जुळणं. मी तिचं उत्तर इतरांच्या आणि माझ्या नाकाशी जुळवून पाहत होते. ते जुळत नव्हतं म्हणून दोष तिच्या नाकाला दिला.

आणि ती सरासरी! नंतर मी तो तक्ता पुन्हा काढून बघितला. हिचे नऊ. चौघांचे शून्य किंवा एक. उरलेल्या सात जणांचे पाच ते सहा. सरासरी चारच्या थोडी वर, आणि चार हा आकडा बारांपैकी एकानेही दिलेला नव्हता. एका गटाला वास जवळजवळ येतच नव्हता, दुसऱ्याला बऱ्यापैकी येत होता, एकीला सहन होत नव्हता. त्यांची बेरीज करून बाराने भागलं की हाती येतो तो एक असा माणूस, जो त्या खोलीत बसलेलाच नव्हता. वासाच्या कामात सरासरीवर विसंबणं ही चूक आहे असं माझं ठाम मत आहे. आधी गुण नुसते एका ओळीत मांडून बघावेत. मध्ये एकच ढीग दिसतो की दोन-तीन वेगवेगळे, हे बघितल्याशिवाय सरासरी काढूच नये.

मला हे कळलं ते अगदी साध्या प्रसंगातून. तीन वर्षांनी नव्या लोकांच्या प्रशिक्षणासाठी मी सुट्या घटकांच्या बाटल्या लावत होते. त्यात गॅलॅक्सोलाइडची बाटली होती. हा कारखान्यात तयार होणारा मस्क, डिटर्जंट आणि सॉफ्टनरमध्ये जगभर सर्रास वापरला जातो. मी बाटली उघडली, हुंगली आणि मला वाटलं, कोणीतरी चुकून नुसतं द्रावक भरून ठेवलंय. दुसऱ्या लॉटची उघडली, तीही तशीच. तेवढ्यात टेबलापलीकडचा सहकारी म्हणाला, “अहो, झाकण लावा ना, खोलीभर झालाय वास.”

मी त्याच संध्याकाळी स्वतःची त्रिकोणी चाचणी करवून घेतली. कोणालाही करता येईल अशी ही चाचणी आहे, म्हणून नीट सांगते. दुसऱ्या माणसाने तीन ब्लॉटर तयार करायचे. दोन नुसत्या द्रावकात बुडवलेले, एक तपासायच्या पदार्थाच्या पातळ द्रावणात. द्रावकाचा स्वतःचा वास उडून जाईपर्यंत थांबायचं. मग तुम्ही तिन्ही हुंगून वेगळा कोणता ते सांगायचं. ‘कळत नाही’ हे उत्तर चालत नाही, अंदाजाने का होईना एक निवडायचाच. दोन हुंगण्यांच्या मध्ये अर्धा मिनिट तरी जाऊ द्यायचा, कारण मस्कला नाक फार लवकर सरावतं आणि मग येणारा वासही येईनासा होतो. वेगळ्या पट्टीची जागा दर वेळी बदलायची आणि हे सगळं सहा वेळा करायचं. नुसत्या अंदाजाने सहापैकी सरासरी दोन उत्तरं बरोबर येतात. पाच किंवा सहा बरोबर यायची शक्यता अंदाजाने शंभरात दोनाहूनही कमी. म्हणजे पाच बरोबर आली, तर नाकाला खरंच काहीतरी कळतंय असं धरायला हरकत नाही.

माझी दोन बरोबर आली. सहकाऱ्याची सहाच्या सहा.

पण एवढ्यावर निष्कर्ष काढायचा नसतो. सर्दी असेल, एखाद्या विषाणूने घ्राणशक्ती गेली असेल, वय झालं असेल, तरी निकाल असाच लागतो. म्हणून मी तीच चाचणी लवंगेच्या युजेनॉलवर केली, मग व्हॅनिलिनवर. दोन्हींत सहापैकी सहा. बाकी सगळे वास नीट येतात आणि एकच ठरावीक रेणू नाकाला लागत नाही, या प्रकाराला विशिष्ट गंधांधता म्हणतात. रंगांधळ्या माणसाला बाकी सगळं नीट दिसतं, हे तसंच काहीसं. फरक एवढाच की रंगांधळेपणाचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजता येतात, आणि नाकातल्या अशा जागा शेकड्यांनी असू शकतात.

त्याचं कारण नाकाच्या रचनेत आहे. डोळा तीन प्रकारच्या रंगपेशींवर काम भागवतो. नाकाच्या वरच्या भागातल्या पेशींवर मात्र वास पकडणारे सुमारे चारशे प्रकारचे रिसेप्टर असतात आणि प्रत्येकाचं स्वतंत्र जनुक असतं. ही जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ मध्ये शोधली. त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. या चारशे जनुकांत माणसामाणसांत इतका फरक असतो की कोणतीही दोन माणसं घेतली, तरी त्यांच्या जवळजवळ तीस टक्के रिसेप्टरांचं काम वेगळं चालतं असा अंदाज २०१४ च्या एका अभ्यासात मांडला गेला. म्हणजे एकाच खोलीत बसून एकच ब्लॉटर हुंगणारे आम्ही बारा जण वेगवेगळी बारा उपकरणं घेऊन बसलो होतो.

तरी ‘जनुकात फरक असतो’ एवढं म्हणून मला समाधान होत नाही. एका जनुकातला कोणता बदल, त्याने नेमकं काय होतं, हे दाखवता आलं पाहिजे. असं दाखवून दिलेलं सर्वांत चांगलं उदाहरण अँड्रोस्टेनोनचं आहे. रानडुकराच्या नराच्या लाळेत असणारं हे स्टेरॉइड माणसाच्या घामातही असतं. शुद्ध अँड्रोस्टेनोन हुंगायला दिलं की काहींना जुनाट घामाचा किंवा लघवीचा दर्प येतो आणि ते मान मागे घेतात. काहींना तोच वास गोडसर, चंदनासारखा किंवा व्हॅनिलासारखा वाटतो. काहींना काहीच येत नाही. एकाच बाटलीची ही तीन उत्तरं!

२००७ मध्ये हिरोआकी मात्सुनामी आणि लेस्ली वॉसहॉल यांच्या गटांनी यामागचं जनुक शोधलं. त्यांनी आधी माणसाचे शेकडो रिसेप्टर एकेक करून प्रयोगशाळेतल्या पेशींवर बसवले आणि त्यांच्यावर अँड्रोस्टेनोन टाकून बघितलं. ओआर७डी४ नावाच्या रिसेप्टरने जोरदार प्रतिसाद दिला. लोकांमध्ये या रिसेप्टरची दोन मुख्य रूपं आढळतात. प्रथिनाच्या साखळीत ८८ व्या आणि १३३ व्या जागी असलेली अमिनो आम्लं या दोन रूपांत वेगळी असतात, म्हणजे शेकडो मण्यांच्या माळेतले दोनच मणी बदललेले. एका रूपाला आरटी म्हणतात, दुसऱ्याला डब्ल्यूएम. पेशींवरच्या प्रयोगात आरटी अँड्रोस्टेनोनला चांगला प्रतिसाद देतं, डब्ल्यूएम जवळजवळ देतच नाही.

मग न्यूयॉर्कमध्ये सुमारे चारशे माणसांना अँड्रोस्टेनोनसह साठहून जास्त वास हुंगायला दिले आणि त्यांची जनुकं तपासली. प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती मिळतात. ज्यांच्या दोन्ही प्रती आरटी, त्यांना अँड्रोस्टेनोन सर्वांत तीव्र आणि सर्वांत वाईट वाटलं. ज्यांच्याकडे एक किंवा दोन प्रती डब्ल्यूएम होत्या, त्यांना एक गट म्हणून तो वास सौम्य आणि कमी त्रासदायक वाटला. मला या प्रयोगातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की पेशींवर दिसलेलं आणि माणसांनी सांगितलेलं एकमेकांशी जुळलं. नापसंतीची सुरुवात रिसेप्टरच्या त्या दोन मण्यांपाशी झालेली दिसत होती.

मस्कची गोष्ट मात्र थोडी गुंतागुंतीची आहे. कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून मिळणाऱ्या कस्तुरीचा मुख्य घटक मस्कोन. त्याचा रेणू मोठ्या वर्तुळाच्या आकाराचा असतो. गॅलॅक्सोलाइडचा आकार वेगळा, एकमेकांना चिकटलेल्या तीन कड्यांचा. तरी दोन्हींचा वास ‘मस्क’ याच नावाने ओळखला जातो, कारण ज्यांना दोन्ही येतात त्यांना ते जवळचे वाटतात. नाकात मात्र त्यांची दारं वेगळी दिसतात. मस्कोनसारख्या वर्तुळाकार मस्कना ओआर५एएन१ हा रिसेप्टर प्रतिसाद देतो. गॅलॅक्सोलाइडचा धागा दुसरीकडे लागला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे एक हजार हान चिनी लोकांना दहा वास देऊन त्यांचा सगळा जनुकसंच तपासला, आणि नंतर वेगवेगळ्या वंशांच्या साडेतीनशेहून जास्त लोकांवर पडताळून पाहिलं. गॅलॅक्सोलाइड किती तीव्र वाटतं याचा संबंध ओआर४डी६ या जनुकातल्या बदलांशी जोडला गेला. ठरावीक बदल असलेल्यांना वास फिका वाटत होता.

मी माझं जनुक तपासलेलं नाही. त्रिकोणी चाचणी नाकाबद्दल सांगते, जनुकाबद्दल नाही. त्यामुळे ‘माझं ओआर४डी६ बदललेलं आहे’ असं मी म्हणणार नाही.

वेगवेगळ्या मस्कची नाकातली दारं अशी वेगळी असतात, म्हणूनच जाणकार सुगंधकार एका मस्कवर विसंबत नाहीत. ते तीन-चार वेगवेगळ्या रचनांचे मस्क मिसळतात, म्हणजे एक लागला नाही तरी दुसरा लागेल. पण स्वस्त मालात बहुतेक वेळा एकच असतो आणि तो भरपूर ओतलेला असतो. ज्याला तो येत नाही तो वापरणारा ‘वासच नाही’ म्हणून आणखी एक झाकण ओततो. शेजारी बसलेल्या आरटीसारख्या तल्लख नाकवाल्या माणसाने तक्रार केली की त्याला नखरेल ठरवलं जातं. मला या गोष्टीचा आता मनापासून राग येतो. त्याच्या डोक्यात ठणका उठतोय आणि तुम्ही त्याला आवडीनिवडीचे धडे देताय.

पण आवडीचं काय? वास कमी-जास्त येणं जनुकाने समजतं. तोच वास एकाला छान आणि दुसऱ्याला घाण का वाटतो? माझ्या अनुभवात यातला मोठा भाग तीव्रतेतूनच येतो. इंडोल नावाचा पदार्थ चिमूटभर असेल तर मोगऱ्यासारखा वाटतो आणि जास्त झाला की विष्ठेसारखा. ज्याचं नाक एखाद्या रेणूला दहापट तल्लख आहे, त्याच्यासाठी बाटलीतला ‘चिमूटभर’ हाच ‘जास्त’ असतो. दुसरं म्हणजे नैसर्गिक वास कधीच एका रेणूचा नसतो. त्यातला एक गळला की उरलेल्यांचा तोल बदलतो. एक वाद्य बंद केल्यावर तीच चाल वेगळी ऐकू येते, तसं.

मसाल्यातलं उदाहरण मिऱ्याचं आहे. मिऱ्याचा झणका पायपरीनचा. तो वास नाहीच, ती जळजळ आहे आणि ती वेगळ्या मज्जातंतूने कळते. मिऱ्याचा खास लाकडी, गरम सुगंध मुख्यतः रोटंडोन नावाच्या रेणूचा. हा २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ओळखला, तेही शिराझ वाइनला मिऱ्यासारखा वास का येतो हे शोधताना. तो येणाऱ्यांना लिटरभर पाण्यात ग्रॅमचा आठ अब्जांश भागही पुरतो. पण त्यांच्या पॅनेलवरच्या सुमारे वीस टक्के लोकांना त्याच्या पाचशेपट प्रमाणातही तो कळला नाही. या वीस टक्क्यांना मिरी ‘तिखट’ लागते, पण मिऱ्याचा सुगंध त्यांच्यासाठी बाकीच्या रेणूंचा बनलेला असतो. त्यांनी ‘यात काय विशेष’ म्हटलं, तर ते त्यांच्या नाकाचं खरं वर्णन असतं.

एवढं सांगून सगळं जनुकांवर ढकलायचंही मला पटत नाही. अँड्रोस्टेनोनबाबतसुद्धा ओआर७डी४ ने फरकाचा काही भाग समजतो, सगळा नाही. १९८९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अँड्रोस्टेनोनचा वास न येणाऱ्या वीस जणांना तो रोज तीनदा, तीन-तीन मिनिटं, सहा आठवडे हुंगायला दिला. वीसपैकी दहा जणांना तो येऊ लागला. जनुक तर बदललं नव्हतं. म्हणजे काहींच्या बाबतीत दार पूर्ण बंद नसतं, किलकिलं असतं. आणि वास येऊ लागल्यावर तो आवडेल की नाही हे आठवणींवरही अवलंबून असतं. ज्या साबणाचा वास आजारपणाच्या खोलीशी जोडला गेला, तो कोणत्याही रिसेप्टरने सुधारत नाही.

मीही सहा आठवडे गॅलॅक्सोलाइड हुंगलं. शेवटी पुन्हा त्रिकोणी चाचणी केली. सहापैकी तीन.

त्यानंतर मी त्या मुलीला शोधून फोन केला. आता ती वेगळ्याच क्षेत्रात आहे. मी तिला सगळं सांगितलं, शेरा माझा होता हेही सांगितलं आणि माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मॅडम, तेव्हा मला वाटलं होतं, माझ्याच डोक्यात काहीतरी आहे.” हे वाक्य मी विसरू शकत नाही. तीनदा अचूक उत्तर देणाऱ्या माणसाला मी स्वतःवर शंका घ्यायला लावली.

तिने विचारलं, तिला येत नाही असंही काही असेल का? मी तिला एथिलिन ब्रॅसिलेटच्या आणि नुसत्या द्रावकाच्या पट्ट्या कोड घालून पाठवल्या. हा वर्तुळाकार मस्क. मला तो मऊ, पावडरसारखा, छान येतो. घरच्या कोणाकडून तरी तिने चाचणी करवून घेतली आणि आकडे कळवले. सहापैकी दोन.

फाईलमधला जुना शेरा मी खोडलेला नाही. त्याच्याखाली तारीख घालून दुसरा लिहिला आहे: ‘तीन फेऱ्यांत सुसंगत. चूक पॅनेलप्रमुखाची.’ आणि आता आमच्याकडे पॅनेलवर येणाऱ्या प्रत्येकाची, माझ्यासकट, पहिल्या आठवड्यात चार मस्कवर त्रिकोणी चाचणी होते. निकाल नावापुढे लिहून ठेवतो. त्यावरून कोणाला काढत नाही.